मुदत वाढवून मागायची, पण एकदाच : फिक्स्चरची ऑर्डर लांबते तेव्हा

प्रश्न : मी अंबडला दोन वर्षांपासून स्वतःची छोटी टूलरूम चालवतो. गोंद्याच्या एका कंपनीची दोन मशीनिंग फिक्स्चरची ऑर्डर आहे, ३ लाख ८० हजारांची. त्यांच्याकडचं हे आमचं पहिलंच काम. पार्ट अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचा आहे. पीओवर तारीख २३, शुक्रवार. आज १२, सोमवार. पहिलं फिक्स्चर जवळपास तयार आहे. दुसऱ्याच्या दोन्ही ओएचएनएस स्टीलच्या प्लेटा हार्डनिंगहून वाकून आल्यात, बहुतेक नव्याने कराव्या लागतील. चार-पाच दिवस जास्त लागतील असं वाटतं. पर्चेसच्या साहेबांकडे मुदत मागायची आहे, पण यांना काम झेपत नाही असं त्यांना वाटायला नको. काय सांगू, कसं सांगू? आमची सुट्टी शनिवारी असते.

उत्तर :

फोन आत्ता करू नका, उद्या सकाळी करा. 'चार-पाच दिवस जास्त लागतील असं वाटतं' हे वाक्य तुम्ही इथे लिहिलंत तसंच उद्या तिकडे बोललात, तर समोरचा माणूस त्यातला 'वाटतं' तेवढा पकडेल आणि मग पुढचं काही ऐकणार नाही. मी सातपूर आणि अंबडमध्ये फिक्स्चरच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढली. नुसता उशीर झाला म्हणून तुटलेलं गिऱ्हाईक मला एखादंच आठवतं. नवी तारीख दिली आणि तीही हुकली, म्हणून तुटलेली मात्र आहेत, आणि त्यातलं एक माझ्याच चुकीनं तुटलं. ते पुढे सांगतो.

आज रात्री दोन कामं करा. पहिलं, प्लेटा खरंच गेल्यात का ते बघा. 'वाकून आल्या' म्हणजे किती? ग्रॅनाइटवर ठेवून डायल फिरवा आणि आकडा लिहून काढा. तुम्ही बाजूला किती ग्राइंडिंग ठेवलं होतं? समजा तीन दशांश मिलिमीटर ठेवलं असेल आणि प्लेट नुसती धनुष्यासारखी दीड-दोन दशांश उचलली असेल, तर ती वाचते. फक्त ग्राइंडिंगवाल्याला सांगायला लागतं की चकवर तशीच चिकटवू नको. मॅग्नेट प्लेटीला ओढून सपाट करतो, वरून घासल्यावर ती छान दिसते आणि मॅग्नेट सोडला की पुन्हा उठते. पोकळीत शिम भरून, प्लेटीला मोकळं ठेवून, बाजू आलटूनपालटून थोडं थोडं काढावं लागतं. प्लेट पिळली असेल, म्हणजे समोरासमोरचे कोपरे वर आणि उरलेले खाली, आणि तेही पाच-सहा दशांशाने, तर मग ती सोडा. हीट ट्रीटमेंटवाला म्हणेल, आणा, प्रेसवर सरळ करून देतो. अठ्ठावन्न-साठ रॉकवेल कडकपणाची प्लेट प्रेसखाली घालू नका. तिथेच तडकली तर निदान कळतं तरी, पण केसाएवढी चीर पडून ती तुमच्या फिक्स्चरमध्ये बसली तर ते दुखणं सहा महिन्यांनी गोंद्याला निघेल.

हे मापन मुदतीच्या प्रश्नात कशाला, असं वाटेल. कारण असं की दोनपैकी एक प्लेट वाचली तर तुमची मागणीच बदलते. आणि उद्या त्यांच्या इंजिनिअरनं 'किती वाकलीय?' असं विचारलं आणि तुम्ही 'बरीच' म्हणालात, तर तयारी नसलेला माणूस दिसायला तेवढं पुरतं. 'तीन दशांश ठेवले होते, सहा दशांश पिळलीय' असं म्हणालात तर तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

आपण वाईटच धरू, दोन्ही प्लेटा गेल्या. आता दुसरं काम, तारीख मोजायची.

कागदावर उरलेलं एकेक काम लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणाच्या हातात आहे ते लिहा. तुमच्या, बाहेरच्या की गिऱ्हाइकाच्या. बहुतेक लोक सगळ्या कामांचे दिवस मिळवतात आणि वर भीतीपोटी दोन दिवस टाकतात. ते दोन दिवस कशासाठी टाकले हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली की तेच आधी उडतात. सूट धरायची ती जिथे काम आपल्या हाताबाहेर जातं तिथे, आणि त्या ठिकाणच्या चालीनं धरायची.

तुमचं काम मी अंदाजानं मांडतो, आकडे तुमचे घाला. १३ तारखेला मटेरियल कापून आणलं. १४ ला व्हीएमसी मशीनवर रफिंग. इथे एक थांबा घाला, जो तुम्ही मागच्या वेळी बहुधा घातला नव्हता. एका बाजूनं भरपूर माल काढलेली, मध्ये खाचा असलेली प्लेट रफिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह न करता थेट हार्डनिंगला गेली की पिळते. सगळ्याच वेळा हेच कारण नसतं. भट्टीत आडवी टाकली, तेलात तिरकी सोडली, यानेही होतं. पण पहिला संशय इथे घ्यायचा. तर १५ आणि १६ स्ट्रेस रिलीव्हिंगला. १७ शनिवार, सुट्टी. १८ ला फिनिश मशीनिंग. १९ ला हार्डनिंगला माल पोचला.

आता तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला आज रात्रीच फोन करून एकच विचारा, ओएचएनएसची बॅच कोणत्या वारी लागते? 'दोन दिवसांत देतो' हे उत्तर घेऊ नका. भट्टी एका गिऱ्हाइकासाठी पेटत नाही, त्याचा माल साठला की लागते. समजा तो म्हणाला, मंगळवार आणि शुक्रवार. मग २० च्या मंगळवारची बॅच मिळाली तर माल २२ ला सकाळी हातात. २२-२३ ग्राइंडिंग, २४ सुट्टी, २५ वायरकटवर डॉवेलची भोकं, २६ जुळणी, २७ सीएमएमवर मोजणी, २८ बुधवारी रवाना. तुमचे 'चार-पाच दिवस' ते हेच. सगळं सुरळीत झालं तरची तारीख.

आणि मंगळवारची बॅच हुकली तर? तुमच्या ऑपरेटरनं एक दिवस दांडी मारली, फिनिश मशीनिंग १९ वर गेलं, माल मंगळवारी दुपारी पोचला, की हुकली. मग शुक्रवारची, २३ ची. माल २५ ला रविवारी सकाळी. २५-२६ ग्राइंडिंग, २७ वायरकट, २८ जुळणी, २९ सीएमएम, ३० शुक्रवारी रवाना. म्हणजे एक दिवसाची चूक दोन दिवस खाते, कारण मध्ये भट्टी आहे. म्हणून तुमची तारीख ३०. २८ नाही, आणि 'महिनाअखेर'ही नाही. शुक्रवार, ३०. ती का, हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकता : हार्डनिंगची एक बॅच हुकली तरी ही तारीख टिकते.

आता मी केलेली चूक. बरीच वर्षं झाली, सिन्नरच्या एका कंपनीचं ड्रिलिंग फिक्स्चर होतं. मी तेव्हा नवीन, तुमच्यासारखाच घाबरलेलो. मोठी मुदत मागितली तर वाईट दिसेल म्हणून तीन दिवस मागितले. ते गेले, मग चार मागितले. मग 'उद्या नक्की'. बेरीज केली तर एकूण आठच दिवस उशीर झाला होता. पण त्या आठ दिवसांत तिथल्या इंजिनिअरनं तीनदा मशीन मोकळं ठेवलं, तीनदा सेटरला पाळी बदलून बोलावलं आणि तीनदा स्वतःच्या साहेबासमोर उभा राहिला. पहिल्याच दिवशी आठ मागितले असते तर त्यानं दुसरा जॉब मशीनवर चढवला असता आणि विषय तिथेच संपला असता. फिक्स्चर चांगलं चाललं, पैसेही मिळाले. पुढची चौकशी मात्र आली नाही.

यातून तुम्हाला त्यांच्या बाजूची गोष्ट दिसेल. पीओवरची २३ ही पर्चेसची तारीख आहे. फिक्स्चर वापरणाऱ्याची तारीख वेगळी असते आणि ती तुम्हाला माहीत नाही. प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या माणसाला, किंवा नवा पार्ट असेल तर डेव्हलपमेंटवाल्याला, कास्टिंग कधी मिळणार, ट्रायल कधी, सॅम्पल त्यांच्या गिऱ्हाइकाला कधी जायचंय, यावर त्याची खरी गरज ठरते. कधी ती पीओच्या तारखेच्या पंधरा दिवस पुढे असते, कारण पर्चेसनं स्वतःची सूट आधीच धरलेली असते. कधी ती दुसऱ्याच दिवशी असते. हे न विचारता मुदत मागणं म्हणजे अंधारात हात घालणं.

म्हणून पहिला फोन इंजिनिअरला आणि त्याच तासात दुसरा पर्चेसला. मधे तासापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. पर्चेसला ही बातमी इंजिनिअरकडून कळली तर तो दुखावतो, आणि त्याचं दुखणं पेमेंटच्या वेळी बाहेर येतं. पण फक्त पर्चेसला सांगितलंत तर तो म्हणणार 'नाही जमणार', कारण त्याला हो म्हणण्याचा अधिकारच नसतो. तो शॉपला विचारणार, आणि तुमचं म्हणणं त्याच्या तोंडून निम्मं होऊन तिथे पोचणार.

फोन करण्याआधी हातात आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे २३ ला तुम्ही काय देऊ शकता. इथे तुमच्या कामात एक चांगली जागा आहे. पहिलं फिक्स्चर तर २१ पर्यंत जाईलच, ते अडवून ठेवू नका. दोन्ही एकदम देतो म्हणून तयार माल शेडमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्यातून काही मिळत नाही. दुसऱ्या फिक्स्चरसाठी ट्रायलपुरत्या मऊ प्लेटा करा. साधं सी-४५, हार्डनिंग नाही. १५-१६ ला ओएचएनएस स्ट्रेस रिलीव्हिंगला गेलेलं असताना तुमचं व्हीएमसी मोकळंच आहे, त्या दोन दिवसांत या प्लेटा होतात. डॉवेलची भोकं व्हीएमसीवरच ड्रिल करून रीमर मारा, १९ ला ग्राइंडिंग, २० ला जुळणी, २१ ला सीएमएम, २२ ला फिक्स्चर गोंद्याला. शंभर-दोनशे अ‍ॅल्युमिनियमची कास्टिंग मऊ प्लेटेवर आरामात निघतात. ३० ला कडक प्लेटा घेऊन तुम्ही जायचं आणि त्यांना सोयीच्या पाळीत बदलून द्यायच्या. अर्धा दिवस लागतो.

याला मर्यादा आहेत आणि त्या तुम्हीच आधी सांगायच्या. मऊ प्लेटेवर चिप अडकून क्लॅम्प दाबला की खड्डा पडतो, त्यामुळे रोज डायल लावून बघावं लागेल. ओतीव लोखंडाचा पार्ट असता तर मी हा मार्ग सुचवतानाही हात आखडला असता. कडक प्लेटा बसवल्यावर पूर्ण फिक्स्चर पुन्हा मोजायचं, जुना सीएमएम रिपोर्ट चालणार नाही. शिवाय त्या प्लेटांवर पिवळा पट्टा मारून 'फक्त ट्रायलसाठी' असं पंच करा. नाहीतर शॉपफ्लोअरवर त्यावरच उत्पादन सुरू होतं आणि दोन महिन्यांनी तुमच्या नावानं शंख होतो. मटेरियल आणि मजुरी धरून तुमचे दहाएक हजार जातील. ते तुमच्या खिशातून. त्याचं बिल लावायचं नाही आणि 'आम्ही आमच्या खर्चानं करतोय' हे दोनदा बोलूनही दाखवायचं नाही.

दरात सूट देऊ का, असं हमखास मनात येतं. देऊ नका. त्यांना दोन टक्के कमी नकोत, त्यांना मशीनवर काहीतरी चढवायला हवंय. सूट दिली की पर्चेसच्या डोक्यात तुमचा पुढचा दर मात्र खाली येतो.

आता बोलणं. इंजिनिअर वयानं लहान असला तरी कामाच्या फोनवर 'सर'च. साधारण असं :

'सर, नमस्कार, अंबडहून बोलतोय. दोन मिनिटं आहेत का? दुसऱ्या फिक्स्चरच्या दोन्ही रेस्ट प्लेटा हार्डनिंगमध्ये पिळल्या, सहा दशांश. ग्राइंडिंगमध्ये निघत नाहीत, मी त्या नव्याने करतोय. पहिलं फिक्स्चर २१ ला येतंय, त्यात बदल नाही. दुसऱ्याबद्दल सांगण्याआधी एक विचारायचं होतं, तुमची ट्रायल कधी धरलीय आणि कास्टिंग आलीत का?'

इथे थांबा. खरंच थांबा. पुढचं वाक्य त्याच्या उत्तरावर ठरतं. तो म्हणाला, 'कास्टिंगच पुढच्या महिन्यात येतायत,' तर मऊ प्लेटांचा विषयच काढू नका, सरळ ३० मागा. तो म्हणाला, 'ट्रायल २६ ला आहे,' तर म्हणा :

'मग असं करतो. दुसरं फिक्स्चर २२ ला ट्रायलच्या मऊ प्लेटांवर पाठवतो. शंभर-दोनशे पार्ट त्यावर निघतील, उत्पादनाला ते चालणार नाही. कडक प्लेटा ३० ला, शुक्रवारी, मी स्वतः येऊन बसवतो. हार्डनिंगची एक बॅच हुकली तरी ३० हलत नाही, तसं मोजूनच सांगतोय. तुम्हाला चालत असेल तर पर्चेसला आत्ताच फोन करतो आणि मेल टाकतो.'

तुमच्या लक्षात आलं असेल, उशिराचं कारण मी एका वाक्यात उरकलं. 'हीट ट्रीटमेंटवाल्यानं वाट लावली' हे मी म्हणत नाही. त्यांनी त्याला ऑर्डर दिली नव्हती, तुम्हाला दिली होती. तुमचा बाहेरचा माणूस तुम्हाला सांभाळता येत नाही, एवढंच त्या वाक्यातून कळतं. इंजिनिअरनं विचारलं की कशामुळे, तर सांगा : 'रफिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह केलं नव्हतं, या वेळी करतोय, म्हणून दोन दिवस वाढलेत.' यातली चूक कबूल केल्यानं तुम्ही लहान होत नाही. तांत्रिक माणसाला कारण कळलं आणि इलाज त्याला पटला की तो शांत होतो. कारण न कळलेली चूक पुन्हा होईल, ही त्याची खरी धास्ती असते. माफी एकदा मागा, पर्चेसशी बोलताना. दर वाक्याला 'सॉरी सर' म्हणणारा माणूस समोरच्याला दमवतो.

काही कारणं आपल्याकडे फार चालतात, ती मात्र कधीच देऊ नका. ऑक्टोबर छाटणीला निफाड-दिंडोरीकडची पोरं सुट्टीवर जातात, हे तुम्हाला दर वर्षी माहीत असतं. दिवाळी कधी आहे ते कॅलेंडरवर आधीच छापलेलं असतं. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद होते म्हणून गाडी निघाली नाही, असं मला एका प्लेटिंगवाल्यानं सांगितलं होतं, जणू पर्वणीची तारीख त्याला आदल्या रात्री कळली. येत्या सिंहस्थातही हेच ऐकायला मिळणार, लिहून ठेवा. जे आधी माहीत होतं ते कारण म्हणून सांगितलं की तुम्ही मोजत नाही हेच तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगता. प्लेट पिळणं तसं नाही, ते या धंद्यात कोणाचंही होतं.

आणि हे तीन शब्द जिभेवरून काढून टाका : 'बघतो', 'होऊन जाईल', 'प्रयत्न करतो'. मराठीत ते नम्रपणाचे वाटतात. फोनच्या त्या टोकाला ते 'नाही' असे ऐकू येतात.

पर्चेसच्या साहेबांशी बोलणं याहून छोटं. इंजिनिअर साहेबांशी बोलणं झालंय, त्यांची ट्रायल अडत नाही, पहिला माल २१ ला, दुसरा २२ ला ट्रायलच्या प्लेटांसह, अंतिम ३० ला, उशिराबद्दल दिलगीर आहे. मग मेल, त्याच दिवशी, दोघांना एकत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथलं बोलणं ऑडिटला दाखवता येत नाही. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर एवढाच असू द्या :

'आज फोनवर ठरल्याप्रमाणे : फिक्स्चर क्रमांक १ ता. २१ रोजी. फिक्स्चर क्रमांक २ ता. २२ रोजी ट्रायलच्या, कडक न केलेल्या प्लेटांसह, फक्त ट्रायलसाठी. कडक प्लेटा ता. ३० रोजी, बसवणी आणि पुन्हा मोजणीसह. हार्डनिंगमध्ये प्लेटा पिळल्याने त्या नव्याने करत आहोत. फोटो आणि मापं सोबत. कृपया फिक्स्चर क्रमांक २ साठी पीओची तारीख ३० अशी सुधारून द्यावी.'

शेवटचं वाक्य विसरणारे फार आहेत. साहेब फोनवर 'ठीक आहे' म्हणाले की आपल्याला वाटतं मुदत मिळाली. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र तारीख २३ च असते. ३० ला गेटवर चलन गेलं की माल मिळाल्याचा जीआरएन उशिराचा पडतो, तुमचं व्हेंडर रेटिंग आपोआप खाली येतं, आणि पीओत उशिराच्या दंडाचं कलम असेल तर अकाउंट्सवाला ते लावून मोकळा होतो. त्याला तुमचा फोन माहीत नसतो. पहिलीच ऑर्डर असल्यामुळे तुमच्या नावापुढे एवढी एकच नोंद असेल, आणि पुढच्या वर्षी व्हेंडरची यादी कमी करताना कोणीतरी तीच बघेल.

दंडाला मात्र घाबरू नका, आधी वाचा. माझ्या पाहण्यातल्या पीओत साधारण आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के, असं असतं. तुमचं कलम तसंच असेल तर ३ लाख ८० हजारांवर एक आठवडा म्हणजे १,९०० रुपये. कलम फक्त उशिरा आलेल्या मालावर असेल तर त्याहून कमी. एवढ्या पैशांसाठी लोक रात्रभर जागतात आणि तारीख खोटी सांगतात. फक्त 'आठवडा किंवा त्याचा भाग' असे शब्द आहेत का ते बघा. असतील तर ३० ऐवजी रविवारी १ ला पोचलात की दुसरा आठवडा सुरू. साहेबांनी तारीख सुधारायला नकार दिला आणि दंड लावतो म्हणाले, तर लावू द्या, वाद घालू नका. त्यांच्याही वरती कोणीतरी आहे.

ते थेट नाहीच म्हणाले तर? ट्रायल २३ लाच आहे आणि मऊ प्लेटाही नकोत, असं कधीतरी होतं. अशा वेळी मुदत मागणं थांबवा आणि मटेरियल बदलायची परवानगी मागा. पी-२० सारखं आधीच तीस रॉकवेलच्या आसपास असलेलं स्टील घेतलं तर हार्डनिंगची पायरीच जाते. त्याला साठचा कडकपणा नाही, झीज लवकर होईल. पण अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टला बरेच इंजिनिअर ते मान्य करतात. मान्यता लेखी घ्या, ड्रॉइंगवर बदल करून घ्या. स्वतःच्या मनानं मटेरियल बदलून तारीख गाठली तर ती फसवणूक आहे, आणि कडकपणा तपासायला त्यांना पाच मिनिटं लागतात.

मुदत मिळाल्यावर गप्प बसू नका, पण रोज फोनही करू नका. एकच वेळ ठरवा, २० ची संध्याकाळ. त्या दिवशी बॅच लागली की नाही ते कळलेलं असेल. लागली तर एक ओळ : 'प्लेटा आज भट्टीत गेल्या, ३० कायम.' हुकली तरी ओळ तीच, फक्त 'शुक्रवारच्या बॅचला जातील, ३० कायम.' ही दुसरी ओळ पाठवताना हात थरथरतो, मला माहीत आहे. पण ती पाठवा. तुम्ही ३० ही तारीख कशी काढली होती, हे त्यांना त्या दिवशी कळतं. आणि मंगळवारची बॅच मिळून माल २८ ला तयार झाला, तर लगेच '२८ ला देतो' असं कळवायला जाऊ नका. सीएमएम होऊन रिपोर्ट हातात आल्यावर इंजिनिअरला विचारा, उद्या येऊ की ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच येऊ. त्यानं कडक प्लेटा बसवायला मशीन ३० लाच मोकळं ठेवलं असेल, तर तुमचा लवकर आलेला माल त्याला अडगळच आहे.

उद्या सकाळी साडेनऊ-दहाला फोन करा. त्याच्या आधी त्यांची पाळीची बैठक असते, तो उचलणार नाही. प्लेटेचा फोटो डायलसकट काढा, डायलवरचा आकडा वाचता येईल असा.